आधी वारा, मग डोंगर, राजा सगळ्यांत शेवटी: काल्पनिक खंडाचा नकाशा कसा रचावा

माझा पहिला काल्पनिक नकाशा मी शाळेच्या वहीच्या मधल्या जोडपानावर काढला होता. वेडावाकडा किनारा, मधे त्रिकोणी डोंगर, आणि एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळणारी एक रुबाबदार नदी. माण तालुक्यातल्या एका मित्राला तो कौतुकानं दाखवला. राजधानीवर बोट ठेवून त्यानं एवढंच विचारलं, "ह्या गावाला पाणी कुठनं येतं?" टँकरची वाट बघण्यात बालपण गेलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. राजवंशाच्या सात पिढ्यांची नावं मात्र तयार होती.

तेव्हापासून मी उलट्या क्रमानं काम करतो. आधी वारा, मग डोंगर, त्यानंतर पाऊस, नदी, शेत आणि शेवटी माणसं. अख्खं खंड एकदम रचायला बसू नका. त्याचा एकच आडवा पट्टा घ्या, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, आणि तो नीट सोडवा. इथे तसाच एक पट्टा शेवटापर्यंत नेऊ. आलेखाचा कागद घ्या, एक चौकोन म्हणजे ५० किलोमीटर धरा. आपलं खंड २४ चौकोन रुंद आहे, म्हणजे १,२०० किलोमीटर.

पायरी १: वारा कुठून येतो ते ठरवा

मराठी लेखक इथेच हमखास फसतो, आणि कारण फार घरगुती आहे. पाऊस पश्चिमेकडून येतो हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. त्यामुळे हात आपोआप डोंगराच्या पश्चिमेला हिरवा रंग भरतो. पण आपला मान्सून हा मामला खास आहे. उत्तरेला तापणारी प्रचंड जमीन आणि दक्षिणेला उबदार समुद्र, अशी जोडी असल्यानं वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. तुमच्या खंडात ती जोडी नसेल, तर साधा नियम लावा. पृथ्वीसारखा फिरणारा ग्रह असेल तर विषुववृत्तापासून साधारण ३० अंशांपर्यंत वारे पूर्वेकडून येतात, ३० ते ६० अंशांत पश्चिमेकडून. ३० अंशांच्या आसपास हवा वरून खाली उतरते, म्हणून मोठी वाळवंटं बहुतेक त्याच पट्ट्यात सापडतात.

याचा पुरावा एकाच डोंगररांगेत बघायला मिळतो. अँडीज पर्वत दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनं उभा आहे. पेरूच्या अक्षांशांवर त्याच्या पूर्वेला ॲमेझॉनचं जंगल आहे आणि पश्चिमेला कोरडं ठक्क वाळवंट. तोच पर्वत धरून दक्षिणेला चिलीच्या टोकाकडे जा, सगळं उलटं होतं. पश्चिम उतारावर पावसाळी जंगल, पूर्वेला पातागोनियाचं रुक्ष माळरान. डोंगर तोच, फक्त वाऱ्याचा पट्टा बदलला.

आपलं खंड १२ ते २४ उत्तर अक्षांशांत ठेवू. म्हणजे वारा पूर्वेकडून, वर्षभर.

पायरी २: एक डोंगररांग, एक खिंड

पूर्व किनाऱ्यापासून १५० किलोमीटर आत, दक्षिणोत्तर एक रांग काढा. उंची सरासरी २,५०० मीटर. रांग किनाऱ्याला समांतर ठेवणं मला आवडतं, कारण खंडाच्या कडेला भूपट्ट आदळून उठलेले पर्वत बरेचदा तसेच असतात. सुट्टे डोंगर इकडेतिकडे शेवयांसारखे विखरू नका. नवख्यांच्या नकाशात पर्वत हे रिकामी जागा भरण्याचं साधन होऊन बसतं.

आता रांगेच्या मध्यावर एकच खिंड ठेवा, ९०० मीटर उंचीवर. ही खिंड जपून ठेवा, निम्मी कथा तिथेच घडणार आहे.

आणि शिखरांना पांढरा रंग लावायचा मोह आवरा. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर २७ अंश असेल तर २,५०० मीटरवर १०-११ अंश. म्हणजे स्वेटर लागेल, बर्फ पडणार नाही. या अक्षांशांत कायमचं बर्फ हवं असेल तर पाचेक हजार मीटर चढावं लागतं. मग हिवाळ्यात बर्फानं खिंड बंद झाली आणि सैन्य अडकलं, हा प्रसंग इथे चालणार नाही. इथे खिंड अडते ती पावसानं, घसरणाऱ्या दरडींनी आणि जळवांनी. मला विचाराल तर जळवा बर्फापेक्षा कथेला जास्त उपयोगी आहेत.

पायरी ३: पाऊस पाडा, आणि मग तो संपवा

समुद्रावरची ओली हवा डोंगराला भिडली की वर चढते, थंड होते, ओझं टाकते. माथा ओलांडून पलीकडे उतरताना ती पुन्हा तापते आणि कोरडी होते. याचं गणित पुस्तकात शोधू नका, महाबळेश्वरहून वाईला उतरा. वर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि रस्त्यानं तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. आणखी पूर्वेला दहिवडीकडे सरकलात की पाचशेच्या आसपास. एका एसटीच्या प्रवासात तीन हवामानं.

आपल्या पट्ट्यात हे असं मांडू. पूर्व उतारावर २,५०० ते ३,००० मिलिमीटर. माथ्याच्या लगेच पलीकडे, म्हणजे वाऱ्यानं ढकलून आणलेला पाऊस सांडतो त्या ३० किलोमीटरच्या पट्टीत, सरासरी २,०००. शंभर किलोमीटर पलीकडे ३५०. आणि पश्चिम किनाऱ्यावर जवळजवळ शून्य, कारण या अक्षांशांत खंडांच्या पश्चिमेकडून थंड सागरी प्रवाह वाहतात. नामिबिया आणि पेरूच्या किनाऱ्यांवर असंच आहे: समुद्र समोर, धुकं रोज, पाऊस नाही, मासे मात्र भरपूर.

खिंडीपाशी हिशेब थोडा वेगळा करा. खिंडीतून वारा ओलावा घेऊन पलीकडे जातो, म्हणून तिच्या मागे कोरड्या प्रदेशात एक हिरवी जीभ आत गेलेली दिसेल. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरची पालघाटची खिंड बघा, नैऋत्य मोसमी वारा तिच्यातून थेट कोइमतूरच्या बाजूला शिरतो. आपल्या खंडात व्यापाराची वाट आणि चराईची हिरवळ अशी एकाच ठिकाणी आली. भांडण तिथे होणार, हे राजे जन्मायच्या आधीच ठरलं.

पायरी ४: नदी वाहू द्या, ओढू नका

नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. फाटे फुटतात ते मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. तळ्यात नद्या कितीही येऊ देत, बाहेर पडते ती एकच, कारण पाण्याला सगळ्यांत खालचा काठ एकच सापडतो. आणि नदी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राला जात नाही, हे माझ्यासाठी पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

अपवाद आहेत. व्हेनेझुएलातली कासिकियारे ओरिनोको नदीपासून फुटते आणि तिचं पाणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेते. सतलज आणि ब्रह्मपुत्रा हिमालय कापून आरपार येतात, कारण हिमालय उठला तेव्हा त्या आधीच वाहत होत्या. असा अपवाद तुम्हाला हवा असेल तर खंडात एकदाच वापरा आणि तिथल्या लोकांना त्याचं नवल वाटू द्या. त्यावर दंतकथा असेल, यात्रा भरत असेल.

आपली मुख्य नदी माथ्याच्या पश्चिमेला, त्या ३० किलोमीटरच्या ओल्या पट्टीत उगम पावते. तिचं नाव तांबडी. पूर्व समुद्र तिच्या उगमापासून जेमतेम १५० किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून पश्चिमेला हजार किलोमीटर कोरड्या मुलखातून जाते. हे विचित्र वाटत असेल तर कृष्णेकडे बघा. महाबळेश्वरला अरबी समुद्रापासून सुमारे ६४ किलोमीटरवर उगम, आणि मग १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात. कृष्णेला वाटेत पुष्कळ उपनद्या भेटतात. तांबडीला माथा सोडल्यावर एकही भेटत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तिचं सगळं पाणी एकाच ठिकाणाहून येतं.

पूर्व बाजूच्या नद्या कोकणातल्यासारख्या: आखूड, उतावळ्या, प्रत्येकीची स्वतःची अरुंद खोरी आणि खाडी.

पायरी ५: पाण्याचा जमाखर्च लिहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि म्हणूनच त्यांच्या वाळवंटात लाख-लाखाची सैन्यं फिरतात. गणित पाचवीचं आहे, कागदावर करा.

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. तांबडीचं पाणलोट ३० किलोमीटर रुंद आणि २०० लांब, म्हणजे ६,००० चौरस किलोमीटर. पाऊस २,००० मिलिमीटर. एकूण पाणी १,२०० कोटी घनमीटर. त्यातलं अर्धं झाडं, जमीन आणि ऊन खाऊन टाकतं. नदीत उरले ६०० कोटी. मोठी धरणं नाहीत असं धरलं तर यातलं निम्मं पुरात वाहून जाईल किंवा वाटेत सुकेल. हातात आले ३०० कोटी.

आता खर्चाची बाजू. एक हेक्टर धान्याला शेतात साधारण ६०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ६,००० घनमीटर. मातीच्या पाटांतून पोचेपर्यंत तेवढंच मुरतं, म्हणून १२,००० धरा. ३०० कोटी भागिले १२,०००, उत्तर अडीच लाख हेक्टर. जुन्या शेतीत हेक्टरी टनभर धान्य आलं आणि बियाणं बाजूला काढलं, तर तीन-चार माणसं वर्षभर जेवतील. म्हणजे तांबडीकाठचं वैभवशाली साम्राज्य हे आठ ते दहा लाख लोकांचं आहे, एवढंच. शंभरात एक माणूस कायमचा सैनिक ठेवणंही जड जातं, तरी ठेवला असं धरू. सैन्य झालं आठ-दहा हजारांचं. कथेत लाखाचं घोडदळ लिहिलं असेल तर त्याची भाकर कुठून येते ते दाखवावं लागेल.

हे आकडे ढोबळ आहेत. ते इकडेतिकडे दुपटीनं चुकले तरी हरकत नाही, दहापटीनं चुकायला नकोत.

पायरी ६: आता माणसं वसवा

पावसाचे आकडे समोर ठेवून पिकं ठरवा, माणसं त्यांच्यामागून येतात. हजार मिलिमीटरच्या वर भात, चार-सहाशेला बाजरी-ज्वारी, तीनशेच्या खाली पाटाशिवाय शेतीचा भरवसा नाही, तिथे मेंढरं.

पूर्व किनाऱ्यावर दर खोऱ्यात एक छोटं राज्य असेल. शेजारच्या खोऱ्यात जायला डोंगराचा सुळका ओलांडण्यापेक्षा होडी सोपी, म्हणून हे लोक दर्यावर्दी होतील आणि दहा खोऱ्यांत दहा बोली असतील. त्यांना लाकूड, भात, मासळी कशाची ददात नाही. मीठ मात्र नाही. वर्षभर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर मिठागर टिकत नाही. कोकणात मीठ पिकतं, कारण आपल्याकडे पावसाळा संपल्यावर सात-आठ महिने कडक कोरडे मिळतात. या लोकांना ते मिळत नाहीत. मासळी आहे आणि खारवायला मीठ नाही, हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आहे.

मधल्या माळरानावर मेंढपाळ. ते भटकतात, पण वाट्टेल तिथे नाही. माणदेशाकडचे धनगर पावसाळा ओसरला की मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरत आले. शेतकरी त्यांना वावरात बसवून घेतो, खताच्या बदल्यात धान्य देतो. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, आणि त्या वाटेवर देवही ठरलेले. आपल्या मेंढपाळांची वाट तांबडीच्या काठावरून त्या हिरव्या जिभेपर्यंत जाते. नकाशावर ती तुटक रेघेनं काढा. पुढे ही रेघ जिथे कालव्याला छेदेल तिथे एक खून होईल.

तांबडीच्या खालच्या काठाला दाट वस्ती, पाट, कोठारं, पुराच्या नोंदी ठेवणारे कारकून. इथे जरा थांबा. सिंचन आलं की जुलमी सम्राट आलाच, असं समीकरण बरेच जण मांडतात. ते खरं नाही. खानदेशात पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकऱ्यानं पाळीपाळीनं द्यायचं. बालीतल्या भातशेतीत पाण्याचं वेळापत्रक देवळांच्या साखळीतून ठरतं. नदीनं प्रश्न तोच घातला, पाणी वाटायचं कसं. उत्तर सम्राटाचं असू शकतं, गावकीचं असू शकतं, पुजाऱ्याचं असू शकतं. हे उत्तर तुम्ही निवडायचं आहे, आणि लेखकाचं स्वातंत्र्य नेमकं इथे सुरू होतं.

नावंही याच पायरीवर द्या. किनाऱ्यावरच्या लोकांना सूर्य त्या रांगेमागे बुडताना दिसतो, ते तिला 'मावळती' म्हणतात. तांबडीकाठी तीच रांग 'उगवती' आहे. दोन माणसं एकाच डोंगराबद्दल बोलताहेत आणि दोघांची दिशा वेगळी आहे, हे एका संवादात सहज येऊन जातं.

पायरी ७: भांडण शोधा, घडवू नका

आता जमाखर्चाकडे परत या. डोंगर जिथे संपतो आणि तांबडी माळावर उतरते, तिथे पायथ्याला काही हजार कुटुंबांची वस्ती आहे. नाव 'खिंडकर'. एक वर्षी ते कालवा खणतात, ५०,००० हेक्टर भिजवण्यासाठी. त्याला लागतात ६० कोटी घनमीटर, म्हणजे खालच्या लोकांच्या हातातल्या पाण्याचा पाचवा हिस्सा. खाली दीड-दोन लाख माणसं उपाशी. कुणी दुष्ट नाही, वरच्यांनाही पोरंबाळं आहेत. तरी हे युद्ध आहे.

मानवाच्या नोंदीतल्या सर्वांत जुन्या सीमावादांपैकी एक असाच आहे. सुमेरमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उम्मा आणि लगश ही दोन नगरराज्यं एका सुपीक पट्ट्यावरून आणि कालव्याच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडली. उम्मा वरच्या अंगाला, लगश खालच्या. लगशनं शेवटी तैग्रिसवरून नवा कालवा काढला. जवळचं उदाहरण हवं तर कृष्णा पाणीतंटा लवाद, नेमणूक १९६९. भाषा बदलली, तलवारींऐवजी टीएमसी आले, पण वरचा आणि खालचा हे नातं तेच.

आता या युद्धाला भूगोलाच्या मर्यादा घाला. खालच्या राजधानीपासून पायथा ६०० किलोमीटर. पायी सैन्य दिवसाला २५ किलोमीटर चाललं तरी २४ दिवस, विश्रांती धरून महिना. तोवर खिंडकरांना बातमी लागलेली असते, कारण ती आणणारे मेंढपाळ सैन्यापेक्षा वेगानं जातात. मग मेंढपाळ कुणाच्या बाजूनं? नव्या कालव्यानं त्यांची वाट तोडली आहे, म्हणून खालच्यांच्या. पण हिरवी जीभ खिंडकरांच्या ताब्यात आहे, म्हणून वरच्यांच्या. यातून त्यांच्यात फूट पडेल. आणि किनाऱ्यावरचे दहा राजे? त्यांना पाण्याशी घेणंदेणं नाही, त्यांना मीठ हवं, आणि ते खिंडीतूनच येतं. युद्ध लांबलं की त्यांची मासळी सडते.

पायरी ८: एक पोतं चालवून बघा

नकाशा बरोबर आहे की नाही, हे मी मिठाचं एक पोतं चालवून तपासतो. पश्चिम किनाऱ्यावर, तांबडीच्या मुखाशी, दुपारी धुकं हटल्यावर ते भरलं जातं. पहिले ४०० किलोमीटर होडीनं, प्रवाहाविरुद्ध, काठावरून दोर ओढत. रोज १५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महिना. मग नदीत खडक आणि धारा लागतात, होडी थांबते. जिथे होडी थांबते तिथे बाजाराचं गाव असलंच पाहिजे. तुमच्या नकाशावर ते नसेल तर आत्ता काढा.

तिथून पोतं बैलाच्या पाठीवर, साडेसहाशे किलोमीटर, आणखी दीड महिना. बैलाला रोज पाणी लागतं, म्हणून वाट नदी सोडत नाही, आणि जिथे सोडते तिथे दर १५ किलोमीटरला विहीर आणि ती राखणारा कुणीतरी हवा. मग खिंड आणि तिच्या तोंडाशी जकातनाका. नाणेघाटात वाटेलगत दगडी रांजण अजून उभा आहे, परंपरेनं तो जकातीचा मानतात. तसा एक इथे ठेवा. खिंडीत पाऊस लागतो. पोत्याला वरून कातडं घालावं लागतं, आणि ते कातडं मेंढपाळांकडूनच येतं. ते रुसले तर मीठ वाटेतच पाझरून जातं, पूर्व उतारावरच्या चिखलात बैलांच्या खुरांमागे पांढरट डाग उरतात, आणि खाली बंदरावर पोतं तोलणारी बाई आधी ते हातानं चाचपते, कितपत ओलं आहे ते बघायला.